सर्व्हर गप्प झाला, हे कळणार कोणाला?

रात्री गस्त घालणाऱ्या गुरख्याची शिट्टी आपल्याला झोपेतही ओळखीची असते. पण एखाद्या रात्री ती वाजलीच नाही, तर कोणी दचकून उठत नाही. संगणक सुरक्षेतही नेमके हेच घडते.

बँका, रुग्णालये, महापालिका यांच्या सर्व्हरवर प्रत्येक हालचालीची नोंद होते. कोणी लॉगिन केले, कोणाचा पासवर्ड चुकला, कोणती फाइल उघडली, हे त्यात असते. या नोंदींना ‘लॉग’ म्हणतात. सगळ्या सर्व्हरचे लॉग एका ठिकाणी गोळा करून त्यांतले संशयास्पद काही शोधणारी यंत्रणा म्हणजे ‘सिएम’. पाच मिनिटांत पन्नास वेळा पासवर्ड चुकला, की ती इशारा देते. अडचण एवढीच, की तिचे बहुतेक नियम आलेल्या नोंदीवर चालतात. नोंद आलीच नाही, तर नियम चालत नाही आणि पडद्यावर सगळे हिरवेगार दिसते.

समजा, नागपुरातील एका सहकारी बँकेत शुक्रवारी रात्री लॉगिन तपासणाऱ्या मुख्य सर्व्हरवर अपडेट टाकले. सर्व्हर पुन्हा सुरू झाला, पण लॉग पाठवणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे ‘एजंट’, सुरू झाला नाही. सोमवारी सकाळी सगळ्यांचे लॉगिन नीट होते, तक्रार कोणाचीच नाही. हा एजंट हल्लेखोरानेच बंद केला असता, तरी चित्र हेच दिसले असते.

यावर उपाय सोपा वाटतो: पंधरा मिनिटे लॉग आला नाही की इशारा द्या. पण सर्वांना एकच वेळ लावली, तर काटोल शाखेतला संगणक संध्याकाळी बंद होताच रोज इशारा येईल. आठवडाभरात कर्मचारी ते इशारे न वाचताच बंद करू लागतील. म्हणून प्रत्येक यंत्राची सवय आधी पाहावी लागते. मुख्य सर्व्हर रात्रीही बोलत असतो, त्याला पंधरा मिनिटे पुरेत. शाखेतल्या संगणकाला फक्त कामाच्या वेळेत दोन तासांची मुभा द्यावी.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. अनेक ठिकाणी ‘गेल्या २४ तासांत कोणी लॉग पाठवले’ अशी यादी काढून त्यात उशीर झालेले शोधतात. पण तीन दिवस गप्प असलेला सर्व्हर त्या यादीत नसतोच. हजेरीपट नसेल, तर गैरहजर कोण हे कळणार कसे? म्हणून यंत्रांची यादी खरेदीच्या नोंदवहीतून, म्हणजे सिएमच्या बाहेरून यायला हवी. त्यातही एजंट जिवंत आहे एवढे पाहून भागत नाही. तो ‘मी आहे’ असे सांगत राहतो आणि लॉगिनच्या नोंदी मात्र थांबलेल्या असतात. म्हणून प्रत्येक सर्व्हरच्या प्रत्येक प्रकारच्या नोंदीची शेवटची वेळ वेगळी तपासावी.

इशारा आल्यावर पहिला प्रश्न एकच: सर्व्हर काम करतो आहे का? वीज किंवा नेटवर्क गेले असेल, तर सर्व्हरही बंद दिसेल. पण काम चालू आणि नोंद बंद, असे असेल तर ती घटना हल्ल्याइतकीच गंभीर समजावी, कारण सापडेपर्यंत ती वेगळी नसते.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेला हल्ला आठवा. हल्लेखोरांनी मध्ये बनावट यंत्रणा उभी केली. एटीएमच्या विनंत्या बँकेच्या मुख्य प्रणालीकडे न जाता तिथेच मंजूर होत गेल्या आणि संपूर्ण हल्ल्यात बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तो प्रकार लॉग बंद पडण्याचा नव्हता. पण जे यायला हवे होते ते आलेच नाही, हे ओळखणे किती मोलाचे असते, ते त्यातून दिसते.

केंद्राच्या ‘सर्ट-इन’ने एप्रिल २०२२ मध्ये १८० दिवसांचे लॉग जपणे बंधनकारक केले. माझ्या मते तपासणीत ‘लॉग ठेवता का?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘या १८० दिवसांत कोणता सर्व्हर किती वेळ गप्प होता आणि ते तुम्हाला किती वेळात कळले?’ असे विचारायला हवे. हा इशारा सगळेच पकडणार नाही. हल्लेखोराने मोजक्याच नोंदी गाळल्या, तर तो वाजणार नाही. पण अख्खा सर्व्हर गप्प बसला, तरी तीन दिवस कोणाला पत्ता नाही, याला मात्र सबब चालणार नाही.

आपल्या कार्यालयात एक साधी चाचणी करून पाहा. ठरवून, पूर्वकल्पना न देता, एका सर्व्हरचा एजंट बंद करा आणि घड्याळ लावा. पहिला फोन कधी येतो, तेच तुमच्या यंत्रणेचे खरे प्रगतिपुस्तक.