डोळ्यांदेखत ठेवलेला पुरावा

गुप्तहेर कादंबरीबद्दल एक समज लेखकांमध्येही चांगलाच रुजला आहे. वाचकाशी प्रामाणिक राहायचे तर शेवटचा धक्का बोथट होतो आणि धक्का जोरदार हवा तर काहीतरी दडवावेच लागते, असा तो समज. त्यातून दोन खोडी लागतात. काही लेखक निर्णायक पुरावा शेवटच्या प्रकरणातल्या तारेतून, जुन्या दप्तरातून किंवा अचानक उगवलेल्या साक्षीदाराच्या तोंडून आणतात. काही जण पुरावा देतात खरा, पण तो कोणाला सापडू नये म्हणून दहा संशयित आणि वीस निरर्थक तपशिलांच्या ढिगाऱ्याखाली गाडून टाकतात. दोघांचे गृहीतक एकच आहे: वाचकाने पुरावा पाहिला तर उत्तर त्याच्या हाती लागणारच. माझ्या मते हे गृहीतकच चुकीचे आहे. वाचकाला पुरावा दिसलाच पाहिजे, त्याच्या लक्षातही राहिला पाहिजे. फक्त त्या क्षणी तो पुरावा दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर वाटला पाहिजे.

यासाठी अगाथा ख्रिस्तीची १९२६ सालची ‘द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड’ ही कादंबरी उलगडून पाहण्यासारखी आहे. तिचे रहस्य फोडल्याशिवाय हा मुद्दा मांडता येत नाही. किंग्ज अॅबट नावाच्या गावात अॅक्रॉइड या श्रीमंत गृहस्थाचा त्याच्या अभ्यासिकेत खून होतो. गोष्ट सांगतो गावातला डॉक्टर शेफर्ड, आणि खुनीही तोच. त्या रात्री साडेनऊच्या सुमारास अभ्यासिकेच्या बंद दारातून अॅक्रॉइडचा आवाज त्याच्या सेक्रेटरीच्या कानावर पडतो. अलीकडे पैशांच्या मागण्या फार वाढल्यामुळे आपली विनंती मान्य करता येत नाही, अशा अर्थाचे ते बोलणे. वाचकाच्या मनात लगेच प्रश्न येतो: आत कोण होते? पैसे कोण मागत होते? कर्जात बुडालेला सावत्र मुलगा राल्फ की अज्ञात ब्लॅकमेलर? या प्रश्नाचे वजन इतके आहे की त्या बोलण्याच्या घाटाकडे लक्षच जात नाही. समोर बसलेल्या माणसाशी कोणी इतक्या औपचारिक, पत्रातल्यासारख्या भाषेत बोलत नाही. अॅक्रॉइड बोलतच नव्हता. त्याने डिक्टाफोनवर सांगून ठेवलेला मजकूर वाजत होता आणि तो स्वतः तोवर मेलेला होता. डिक्टाफोन विकणारा एक माणूस त्या घरी येऊन गेला होता, हेही वाचकाला आधीच कळलेले असते. पण वेगळ्या ठिकाणी आणि वेगळ्या निमित्ताने.

इथे काय दडवले आहे? पुराव्यातला शब्दही नाही. सगळी करामत प्रश्नाच्या निवडीत आहे. ‘कोणाशी बोलत होता’ हा प्रश्न आधीच्या प्रकरणांनी तापवून ठेवलेला असल्यामुळे ‘कसे बोलत होता’ हा प्रश्न सुचत नाही. शिवाय एकटा पुरावा कुठेही पुरा पडत नाही. पत्रातली भाषा एकीकडे, विक्रेता दुसरीकडे, जागेवरून पुढे ओढलेली खुर्ची तिसरीकडे आणि डॉक्टरच्या हातातली काळी बॅग तर इतकी साहजिक की तिच्याकडे संशयाने पाहण्याचे कारणच नसते. खुर्चीने टेबलावरचे यंत्र दारातून येणाऱ्याच्या नजरेआड केले आणि बॅगेतून ते बाहेर गेले, हे दुवे वाचकाने स्वतः जोडायचे असतात. कादंबरी आखताना लेखकाने करायचे काम नेमके हेच आहे: एका निष्कर्षाचे तीन-चार तुकडे करायचे, ते दूर दूर ठेवायचे आणि प्रत्येक तुकड्याला त्या त्या प्रसंगात दुसरे खरेखुरे काम द्यायचे.

चकव्यांबाबतचा गोंधळ तर याहून मोठा आहे. चकवा म्हणजे थाप, अशी समजूत करून घेतलेला लेखक खिडकीशी सावली हलवतो, माळ्याला संशयास्पद हसायला लावतो आणि शेवटी त्या सावलीचे काय झाले ते सांगायचे विसरतो. याने वाचक चकत नाही, चिडतो. अॅक्रॉइडची पुतणी फ्लोरा पाहा. पावणेदहाला काकांना शुभरात्री म्हणून आपण अभ्यासिकेतून बाहेर पडलो, असे ती सांगते. साहजिकच खून त्यानंतर झाला असे सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात ती अभ्यासिकेत गेलेलीच नसते. काकांच्या शयनगृहातून चाळीस पौंड चोरून येत असताना नोकर समोर येतो, म्हणून ती नुकतीच अभ्यासिकेच्या दारातून बाहेर पडल्याचे भासवते. तिच्या खोटेपणाला तिचे स्वतःचे कारण आहे, त्या कारणाची स्वतंत्र उकल आहे, आणि तिच्या नकळत तो खोटेपणा खुन्याला ज्यादा संरक्षण देतो. चांगला चकवा असा असतो: दुसऱ्याच, छोट्या गुन्ह्याचा तो अस्सल पुरावा असतो. त्यामुळे तो दूर झाल्यावर वाचकाला फसवले गेल्यासारखे वाटत नाही, कारण एका प्रश्नाचे खरे उत्तर त्याला मिळालेले असते.

यावर जुना आणि वजनदार आक्षेप आहे. गोष्ट सांगणाराच खुनी असेल तर तो आपले विचार वाचकापासून लपवतो आणि ही लबाडीच झाली. रोनाल्ड नॉक्सने १९२९ मध्ये गुप्तहेरकथेचे दहा नियम घातले. त्यातल्या पहिल्यातच, ज्याच्या मनातले विचार वाचकाला कळत आले तो गुन्हेगार असू नये, असे बजावले आहे. आक्षेप हलका नाही. निवेदकावर विश्वास ठेवल्याशिवाय वाचक गोष्टीत पाऊलच टाकू शकत नाही. पण न सांगणे आणि खोटे सांगणे यांतली रेघ ख्रिस्तीने किती काटेकोरपणे पाळली आहे, ते पाहिले पाहिजे. अॅक्रॉइडकडे पत्र आले वीस मिनिटे कमी नऊला आणि शेफर्ड निघाला दहा मिनिटे कमी नऊला, हे तो स्वतः लिहितो. मधल्या दहा मिनिटांचा हिशेब देत नाही, पण खोटा हिशेबही देत नाही. रात्री त्याला फोन येतो, तेव्हा पलीकडून काय बोलले गेले हे तो लिहीत नाही. खुनाची बातमी अॅक्रॉइडच्या घरून आल्याचे तो बहिणीला ओरडून सांगतो, आणि ते खोटे अवतरणचिन्हांच्या आत असते. पात्र म्हणून तो खोटे बोलतो. निवेदक म्हणून फक्त गाळतो. घर ते फाटक हे पाच मिनिटांचे अंतर, पण फाटकाशी येईपर्यंत नऊचे ठोके पडतात. ती जास्तीची पाच मिनिटेही त्याच्याच लिखाणात उघडी पडलेली आहेत. डोरोथी सेयर्सने या कादंबरीची बाजू घेताना, प्रत्येकावर संशय घेणे हे वाचकाचेच काम आहे, अशी भूमिका घेतली होती. मला ती अपुरी वाटते. सगळ्यांवरचा सरसकट संशय कोणालाही उत्तरापर्यंत नेत नाही. मोजता येणारी पाच मिनिटे नेतात.

म्हणून नॉक्सचा नियम मी उलटा लावीन. निवेदक कोण असावा यावर बंदी नको. निवेदनाच्या वाक्यात असत्य नको. हा निकष जास्त कडक आहे, कारण तो प्रत्येक ओळीला लागतो, आणि दुसऱ्या वाचनात प्रत्येक ओळीवर तपासताही येतो.

याच निकषावर ‘अॅक्रॉइड’मध्ये एक जागा उणी ठरते, हेही म्हटले पाहिजे. डॉक्टर दूर असताना यंत्र ठरलेल्या वेळी आपोआप सुरू झाले, हा खुलासा मला पुरेसा पेरलेला वाटत नाही. शेफर्डला यंत्रे दुरुस्त करण्याची हौस आहे, एवढा इशारा मिळतो; पण त्या काळच्या डिक्टाफोनला घड्याळाची कळ जोडता येते, ही शक्यता वाचकाला आधी कुठेही हाताळायला मिळत नाही. अॅक्रॉइडने यंत्र खरोखर विकत घेतले होते, हेही गुप्तहेर पॉयरो कंपनीकडे चौकशी करून बरेच उशिरा सांगतो. आवाजाचे कोडे वाचक स्वतः सोडवू शकतो; वेळेचे कोडे त्याला पॉयरोवर विश्वास ठेवून मान्य करावे लागते. शेफर्डने सुरुवातीच्या एखाद्या प्रकरणात बहिणीसाठी, ठरल्या वेळी आपोआप चालू होणारे काही क्षुल्लक उपकरण जुळवलेले दाखवले असते आणि त्या प्रसंगाचा रोख बहिणीच्या भोचकपणावर ठेवला असता, तर तेवढी फटही बुजली असती.