रमजानची विक्री आणि मार्चची शीट

खजूर, सुकामेवा, अत्तर आणि कापडाच्या आपल्या व्यापारी बांधवांची वर्षातली मोठी विक्री रमजानमध्ये होते. हिशेब मात्र एक्सेलमध्ये, इंग्रजी महिन्यांच्या शीटवर ठेवला जातो. रमजान दरवर्षी दहा ते बारा दिवस अलीकडे सरकतो, शीट जागची हलत नाही. त्यामुळे बेरीज अचूक असूनही निष्कर्ष चुकतो.

भारतात बहुतेक ठिकाणी पहिला रोजा २०२३ मध्ये २४ मार्चला, २०२४ मध्ये १२ मार्चला आणि २०२५ मध्ये २ मार्चला होता. म्हणजे मार्चमध्ये रमजानचे दिवस आले अनुक्रमे ८, २० आणि २९. एप्रिलमध्ये २१, १० आणि शून्य. शीट पाहणारा म्हणेल, मार्च वाढला, एप्रिल बसला. आर्थिक वर्षाचा घोटाळा तर याहून मोठा. २०२४-२५ या वर्षात दोन रमजानांचे मिळून ३९ दिवस पडले, तर २०२५-२६ मध्ये एकच रमजान, २९ किंवा ३० दिवसांचा. गिऱ्हाईक तेवढेच असूनही विक्री घटलेली दिसणार. या आकड्यावर विसंबून जो पुढच्या रमजानची खजूर कमी मागवील, त्याचे दुकान ऐन हंगामात रिकामे पडेल.

यावर उपाय म्हणून शीटमध्ये ‘रमजान’ असा एक रकाना वाढवणे आम्हाला पटत नाही. वर्षाकाठी बिलांच्या हजारो ओळी होतात. तितक्या वेळा तो रकाना भरावा लागेल आणि कुठेतरी चूक राहीलच. खरा उपाय आहे स्टार स्कीमा. यात मधोमध विक्रीचा तक्ता असतो, त्याला फॅक्ट टेबल म्हणतात. त्याच्या भोवती तारीख, माल, गिऱ्हाईक यांचे लहान तक्ते असतात, ती डायमेन्शन टेबल. मांडणी ताऱ्यासारखी दिसते, म्हणून हे नाव.

सुरुवातीला एकच गोष्ट ठरवावी: फॅक्ट टेबलची एक ओळ म्हणजे काय? आमच्या मते बिलातला एक माल म्हणजे एक ओळ. बाराही शीट एकाखाली एक जोडाव्यात आणि शीटमधल्या ‘एकूण’च्या ओळी काढून टाकाव्यात, त्या राहिल्या तर विक्री दुप्पट दिसते. ओळीत तारखेचा, मालाचा आणि गिऱ्हाइकाचा क्रमांक, वजन, भाव आणि रक्कम एवढेच ठेवावे. भाव मालाच्या तक्त्यात लिहू नये, कारण तो बदलला की जुन्या बिलांचाही भाव बदललेला दिसेल.

तारखेच्या तक्त्यात दिवसाला एक ओळ. २ मार्च २०२५ चा क्रमांक 20250302, पुढे इंग्रजी महिना, आर्थिक वर्ष, हिजरी महिना ९, हिजरी वर्ष १४४६. मग प्रश्न सोपा होतो:

```
SELECT d.hijri_year, SUM(f.amount)
FROM fact_sales f
JOIN dim_date d ON f.date_key = d.date_key
WHERE d.hijri_month = 9
GROUP BY d.hijri_year;
```

आता रमजानची तुलना रमजानशी होते. कधी महिना २९ चा तर कधी ३० चा असतो, म्हणून रकमेला दिवसांनी भागून रोजची सरासरीही पाहावी.

येथे एक सावधगिरी हवी. संगणकातले तयार हिजरी कॅलेंडर बहुधा सौदी पद्धतीचे किंवा निव्वळ गणिताचे असते. सौदीत २०२५ चा पहिला रोजा १ मार्चला होता, आपल्याकडे २ मार्चला. एका दिवसाच्या फरकाने चाँदरातीची विक्री ईदच्या खात्यात जाते, आणि कापडवाल्याला चाँदरात म्हणजे काय हे सांगायला नको. म्हणून आपल्या गावच्या चंद्रदर्शनाप्रमाणे हा रकाना हातानेच दुरुस्त करावा. ते काम महिन्याच्या २९-३० ओळींचे आहे. बिलांना हात लावावा लागत नाही. या मांडणीचा खरा फायदा हाच.

मालाच्या तक्त्यात ‘अजवा’, ‘अजवा खजूर’ आणि ‘आजवा’ यांना एकच क्रमांक द्यावा, पण त्या क्रमांकाची ओळही एकच ठेवावी. दोन राहिल्या तर जोडणीत प्रत्येक अजवाची विक्री दोनदा मोजली जाते. हे ओळखण्याची खूण सोपी आहे: जुन्या शीटची एकूण रक्कम आणि नव्या जोडणीची रक्कम पैशापर्यंत जुळली पाहिजे. जास्त आली तर क्रमांक दुबार आहे, कमी आली तर एखादा माल किंवा तारीख तक्त्यात नाही.

ही मांडणी उधारी वसूल करणार नाही आणि चुकीचे लिहिलेले बिलही सुधारणार नाही. पण रमजान सरकला की धंदा बुडाला, हा भ्रम ती नक्की दूर करील. पुढची खरेदी ठरवण्यापूर्वी मागच्या तीन रमजानांची विक्री अशी शेजारी शेजारी मांडून पाहावी. मार्चच्या शीटवर भरवसा ठेवू नये.