‘जरा नीट करून दे ना’

कॉलेजच्या वार्षिकांकाची डेडलाइन जवळ आली की मास कॉमवाल्यांचे भाव वधारतात. एरवी ‘तुम्हाला काय, नुसतं बोलायचं असतं’ म्हणणारे लोकही व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल टाकतात आणि खाली लिहितात, ‘जरा नीट करून दे ना.’ लेख बहुतेक वेळा स्वतःबद्दलचा असतो. आजी, गाव, होस्टेलचं पहिलं वर्ष, बाबांची नोकरी असं काहीतरी. माझं म्हणणं असं आहे की या ‘नीट करण्या’त आपण फक्त मित्राची भाषा बदलतो असं नाही. पुष्कळदा त्यानं पाहिलेली गोष्टच बदलून टाकतो, आणि ते ना त्याच्या लक्षात येतं ना आपल्या.

हे हवेत बोलण्यापेक्षा एक परिच्छेदच दाखवते. माझी एक मैत्रीण अमरावतीकडची, तिचे बाबा एसटीत ड्रायव्हर. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटीचा संप पुढच्या एप्रिलपर्यंत चालला, तेव्हा ही बारावीत होती. त्या दिवसांवर तिनं लेख लिहिला. कच्च्या खर्ड्यातला हा तुकडा, तिच्या परवानगीनं, जसाच्या तसा:

‘बाबा घरी बसून राहिले होते. एसटी बंद. डेपोत मंडप. बाबा सकाळी डेपोत जायचे आणी संध्याकाळी यायचे पण ड्युटी नाही. आई म्हणे डबा देऊ का बाबा म्हणे देना. ड्युटी नव्हती तरी डबा. मी त्या दिवशी डबा द्यायला गेली तर बाबा गाडीत बसून होते बंद गाडीत ड्रायव्हर सीटवर. मी हाक नाही मारली.’

माझ्याकडे येण्याआधी हा लेख अंकाच्या संपादक मंडळातल्या एका सीनियरनं ‘पॉलिश’ केला होता. त्याच तुकड्याचं झालं हे:

‘संपाच्या त्या खडतर काळात माझे वडील अंतर्बाह्य खचून गेले होते. डेपोच्या आवारात उभ्या असलेल्या निर्जीव बसमध्ये ते शून्यात नजर लावून बसलेले पाहताच माझ्या काळजात चर्र झाले. शब्द ओठांवरच थिजले.’

व्याकरण चोख. शुद्धलेखनाला दहापैकी दहा. पण डबा कुठे गेला? ड्युटी नसताना रोज डबा घेऊन निघणारा माणूस हाच तर तो परिच्छेद होता. आणि ‘शून्यात नजर’ कोणी पाहिली? मी तिला विचारलं, तर ती म्हणाली, ‘अगं, मी मागच्या बाजूनं गेली होती. मले त्यांचं डोकं दिसत होतं फक्त.’ म्हणजे पॉलिशवाल्यानं तिला न दिसलेला चेहरा तिच्या नावावर छापायला दिला होता. ‘खचून गेले’ हेही तिनं कुठे म्हटलं नव्हतं. ‘खचले-बिचले नव्हते,’ ती म्हणाली, ‘चिडले होते. आई घाबरून राहायची.’

तयार वाक्यांची गंमत अशी की ती स्वतःबरोबर तयार भावना घेऊन येतात. बाप संपावर म्हणजे तो खचलेलाच असणार, मुलगी पाहते म्हणजे काळजात चर्र होणारच.

पण म्हणून खर्ड्याला हातच लावायचा नाही, हेही मला पटत नाही. तो तुकडा तसाच छापला असता तर वाचणारा तीन ठिकाणी अडखळला असता. बाबा ‘घरी बसून’ होते, तर रोज डेपोत कसे जात होते? मंडप कसला? डबा सकाळी सोबत दिला होता, तर ती द्यायला कशाला गेली? या अडचणी भाषेच्या नाहीत, माहितीच्या आहेत, आणि ती माहिती फक्त तिच्याकडे होती. त्यामुळे मी दुरुस्ती न करता बाजूला कॉमेंट टाकून तीन प्रश्न विचारले. तिची उत्तरं अशी आली: ‘बसून म्हणजे बिनपगारी.’ ‘उपोषणाचा मंडप.’ ‘एक दिवस डबा घरीच राहिला ना, म्हणून.’ मला हवे होते ते शब्द तिनंच दिले, मी फक्त ते जागेवर बसवले:

‘एसटी बंद. डेपोत उपोषणाचा मंडप. बाबा बिनपगारी होते, तरी रोज सकाळी डेपोत जायचे आणि संध्याकाळी यायचे. आई म्हणे, डबा देऊ का? बाबा म्हणे, दे ना. ड्युटी नव्हती तरी डबा. एक दिवस डबा घरीच राहिला. मी द्यायला गेली तर बाबा गाडीत बसून होते. बंद गाडीत, ड्रायव्हर सीटवर. मला त्यांचं डोकं मागून दिसत होतं. मी हाक नाही मारली.’

यात माझ्या पदरचा एकही महत्त्वाचा शब्द नाही. ‘आणी’चं ‘आणि’ केलं, ‘देना’ तोडून ‘दे ना’ केलं, विरामचिन्हं घातली. मी एवढा एकच नियम कडक पाळते: कापायची मुभा आहे, हलवायची आहे, पण नवं वाक्य लागलं तर ते लेखकाकडून मागून घ्यायचं. फोन करायचा, ‘इथे नक्की काय झालं ते सांग’ म्हणायचं, आणि तो जे बोलेल ते टिपून घ्यायचं. माणसं लिहिताना अवघडतात, सांगताना नाही. जमलं तर ते बोलणं रेकॉर्ड करा, अर्थात विचारून. खर्डा आणि रेकॉर्डिंग शेजारी ठेवलं की लेखकाची वाक्यं किती लांब असतात, तो कुठे थांबतो, कोणता शब्द पुन्हा पुन्हा वापरतो हे दिसायला लागतं. ही मैत्रीण वाक्य तोडते आणि मग उरलेला तुकडा नंतर जोडते: ‘बंद गाडीत, ड्रायव्हर सीटवर.’ ही तिची सवय आहे. ती दोन वाक्यं सांधून एक ‘सुबक’ वाक्य करायचा मोह मलाही होतो, पण तो आवरावा.

आता ‘मी गेली’. प्रमाण मराठीत मुलगी ‘मी गेले’ म्हणते. विदर्भात कित्येक मुली ‘मी गेली, मी आली’ म्हणतात, जसं कोल्हापूरकडे बायका ‘मी जातो’ सहज म्हणून जातात. पुण्या-मुंबईच्या कानाला ही चूक वाटते आणि लाल पेन आपोआप उघडतं. शुद्धलेखनाच्या नियमांतसुद्धा पात्राच्या तोंडची बोली उच्चाराप्रमाणे लिहायला हरकत घेतलेली नाही, आणि स्वतःबद्दलच्या लेखात ‘मी’ हेच मुख्य पात्र असतं. मग तिच्या तोंडी तिचं क्रियापद का नको?

अडचण वेगळीच होती. तिनं लेखभर ‘गेली’ लिहिलं नव्हतं. मी मोजलं: अशी दहा क्रियापदं, त्यांतली सात तिच्या घरच्या वळणाची आणि तीन प्रमाण. तिनं पुन्हा वाचलं तेव्हा कळलं की तीनपैकी दोन पुण्याच्या होस्टेलबद्दलच्या भागात आहेत. हे तिनं ठरवून केलं नव्हतं, पण ते दोन तिला तसेच राहू द्यावेसे वाटले. ‘इथे मी अशीच बोलते ना,’ म्हणाली. तिसरं घरच्या प्रसंगातलं होतं, ते तिनं बदलून ‘आली’ केलं. मी असते तर कदाचित सगळी एकसारखी केली असती. पण निर्णय तिचा होता, आणि तो असा मोजून समोर ठेवल्याशिवाय तिला घेताच आला नसता.

बोली ठेवण्याची गोष्ट निघाली की मला बहिणाबाई चौधरी आठवतात. त्यांच्या ओव्या त्यांचा मुलगा सोपानदेव यांनी लिहून ठेवल्या. सोपानदेव स्वतः कवी होते, प्रमाण मराठीत लिहिणारे. १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ निघालं ते मात्र आईच्या लेवा गणबोलीत. आपण शाळेत त्या कविता पाठ केल्या त्या याच भाषेत, आणि ती ‘नीट’ करून द्यावी असं कोणाला वाटलं नाही.

एक गोष्ट मात्र उलट्या बाजूची आहे. खर्ड्यातलं सगळंच लेखकाच्या आवाजातलं नसतं. मैत्रिणीच्या लेखाची सुरुवात अशी होती: ‘वडील म्हणजे वटवृक्षाची शीतल छाया.’ असे दोन परिच्छेद. हा तिचा आवाज नव्हे, दहावीच्या निबंधाच्या गाइडचा आहे. पेपरात मार्क मिळवून देणारी ही वाक्यं आपल्या सगळ्यांच्या बोटांत बसलेली असतात, लिहायला बसलं की आधी तीच बाहेर पडतात. ओळखायची खूण सोपी आहे: ते वाक्य वर्गातल्या कुणाच्याही लेखात चिकटवलं तरी खपतं. डबा कुणाच्याही लेखात खपत नाही. अंकाची मर्यादा सहाशे शब्दांची होती आणि लेख नऊशेवर गेला होता, त्यामुळे काय कापायचं हा प्रश्नच पडला नाही. वटवृक्ष गेला. मागण्यांबद्दलचा बातमीसारखा परिच्छेद विलीनीकरणाच्या एका वाक्यावर आणला. हे दोन्हीही मी तिला विचारून कापलं, आणि वटवृक्षासाठी ती थोडी हळहळलीच. तिला ती ओळ आवडत होती. आपण आवाज जपतोय म्हणताना लेखकाला त्याची उसनी वाक्यंही प्यारी असू शकतात, आणि तिथे थोडं भांडावं लागतं.

सगळं झाल्यावर लेखकाला लेख मोठ्यानं वाचायला लावा, आपण वाचून दाखवू नका. जिथे त्याची जीभ अडते किंवा वाचता वाचता तो आपोआप वेगळा शब्द म्हणतो, तिथे तुमचा हात लागलाय असं समजा आणि त्यानं म्हटलेला शब्द लिहा. गूगल डॉक्समध्ये काम करत असाल तर Suggesting मोड चालू ठेवा, म्हणजे प्रत्येक बदल त्याला दिसतो आणि नाकारता येतो. सरळ मजकुरात फिरवलेला हात कुणाला सापडत नाही.

आणि काम इथेही संपत नाही, कारण डीटीपीला बसलेला माणूस किंवा प्रूफ तपासणारे सर ‘गेली’चं ‘गेले’ करणारच. लेखाच्या वर ठळक अक्षरात एक ओळ टाका: ‘गेली, आली, म्हणे ही लेखिकेची रूपं आहेत, बदलू नयेत.’ एवढं करूनही आमच्या पहिल्या प्रुफात दोन ‘गेले’ सापडली. शेवटचं प्रूफ मैत्रिणीनं स्वतः पाहिलं.