अळीच्या आतड्यातले कुलूप माणसाकडे नाही



‘जे अळीला मारते ते माणसाला कसे सोडेल?’ बीटी वांग्याचा विषय निघाला की वडोदऱ्यात खंडेराव मार्केटच्या भाजीवाल्यांपासून दांडिया बाजारातल्या घरांपर्यंत हा प्रश्न हमखास ऐकू येतो. तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी फेब्रुवारी 2010 मध्ये बीटी वांग्याला स्थगिती दिली, त्याआधी देशभर झालेल्या जनसुनावण्यांमध्येही, त्यातली एक अहमदाबादची, हीच भीती बोलली गेली होती. प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर गेली अनेक वर्षे उपलब्ध असताना वर्तमानपत्रे दर वेळी तो नव्याने, उत्तराशिवाय छापतात. या पत्राची तक्रार एवढीच आहे.

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, मातीत सर्वत्र सापडणारा जीवाणू. जपानमध्ये इशिवाता यांना तो 1901 मध्ये मेलेल्या रेशीमकिड्यांत सापडला, आणि पुढे जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतात बर्लिनर यांना पिठातल्या पतंगाच्या अळ्यांत. बीजाणू तयार करताना तो शेजारी प्रथिनाचा एक स्फटिक बनवतो. हे ‘क्राय’ प्रथिन स्फटिकाच्या रूपात निरुपद्रवी असते. अळीला मारण्यासाठी त्याला अळीच्याच पोटात तीन पायऱ्या पार कराव्या लागतात.

पानावर फवारलेला स्फटिक अळीने खाल्ला की तो तिच्या मध्य आतड्यात पोचतो. तिथला रस तीव्र अल्कधर्मी असतो, पीएच 9 ते 11. पानांतले टॅनिन एरवी प्रथिनांना चिकटून पचन अडवते, ते टाळण्यासाठी अळ्यांचे आतडे असे घडले असावे असे मानतात. या रसात स्फटिक विरघळतो. मग अळीचे पाचकरस त्या लांब प्रथिनाचा निम्म्याच्या आसपास भाग कापून टाकतात आणि उरलेला तुकडा कार्यक्षम होतो. तिसरी पायरी निर्णायक आहे. हा तुकडा आतड्याच्या पेशींवरच्या कॅडहेरिनसारख्या ठरावीक प्रथिनांना, म्हणजे ग्राहींना, किल्ली कुलपात बसावी तसा चिकटतो. असे अनेक तुकडे एकत्र येऊन पेशीच्या पडद्याला भोक पाडतात. पेशी फुगून फुटतात, आतडे लुळे पडते आणि अळी काही तासांतच खाणे थांबवते. मरते मात्र दोन ते पाच दिवसांनी, उपासमारीने आणि रक्तात शिरलेल्या जंतूंमुळे.

आता माणसाचे पोट पाहा. जठरात अल्काऐवजी आम्ल असते, पीएच दीड ते साडेतीन. तिथे स्फटिक अळीच्या पोटातल्यासारखा विरघळत नाही, आणि जे प्रथिन सुटे होते त्याचे पेप्सिन झपाट्याने तुकडे करते. त्यातून काही निसटलेच, तरी आपल्या आतड्याच्या पेशींवर ते कुलूपच नाही. 1959 मध्ये फिशर आणि रोझनर यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीत स्वयंसेवकांनी बीटीची भुकटी रोज एक ग्रॅम याप्रमाणे पाच दिवस खाल्ली होती. त्यांना काही झाले नाही.

इथे जाणकार विरोधक एक आक्षेप घेतात, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. फवारणीत स्फटिक असतो, पण बीटी कपाशीच्या किंवा वांग्याच्या पेशीत तेच प्रथिन स्फटिकात बांधलेले नसते, विरघळलेलेच असते. म्हणजे पहिली पायरी तिथे आपोआप ओलांडली जाते. हे खरे आहे. त्यामुळे ‘आपल्या पोटात अल्क नाही’ एवढेच उत्तर अपुरे पडते. खरी भिस्त पेप्सिनवर, आणि त्याहून अधिक त्या न जुळणाऱ्या कुलपावर आहे.

त्या कुलपाचा पुरावा गुजरातच्याच शेतात आहे. 2001 मध्ये इथे बेकायदा ‘नवभारत 151’ कपाशी उघडकीस आली, तिच्यात क्राय1एसी हेच प्रथिन होते. 2002 मध्ये बीटी कपाशीला रीतसर परवानगी मिळाली. 2010 मध्ये अमरेली, भावनगर, जुनागढ, राजकोट या जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी क्राय1एसीला दाद देत नसल्याचे बियाणे कंपनीनेच जाहीर केले. भारतातल्या अशा अळ्या तपासल्यावर त्यांचे कॅडहेरिनचे जनुक मोडलेले आढळले. त्यांचे आतडे अल्कधर्मीच होते, पाचकरसही होते. एक ग्राही बिघडला आणि ज्या बोंडाने अळीच्या आईआजीला मारले असते, तेच खाऊन ती धष्टपुष्ट झाली. बोंडअळीच्या बाबतीत एका ग्राहीने एवढा फरक पडत असेल, तर जिच्याकडे तो कधी नव्हताच त्या मानवी पेशीबद्दलची भीती कशाच्या आधारावर उभी आहे?

खरी भीती कशाची बाळगायची ते विदर्भाने दाखवले आहे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसएक शेतकरी-शेतमजूर दगावले. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गेनोफॉस्फरस औषधे मज्जातंतूंतले अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर बंद पाडतात, आणि ते विकर अळीतही आहे, माणसातही. ती किल्ली दोघांच्याही कुलपाला लागते. बातम्यांत मात्र ही औषधे आणि बीटी दोन्ही ‘विष’ या एकाच शब्दात येतात.

याचा अर्थ बीटी कुठेही, कसेही चालते असा नाही. मावा, तुडतुडे, पांढरी माशी रस शोषतात. पानावरचा स्फटिक त्यांच्या पोटात जातच नाही. वांग्याच्या आत शिरलेल्या अळीलाही फवारा पोचत नाही. उन्हात स्फटिक काही दिवसांत निकामी होतो, म्हणून फवारणी संध्याकाळी आणि अळ्या लहान असतानाच करायची. दुसऱ्या दिवशी अळी जिवंत दिसली म्हणून औषध बोगस ठरवू नये, ती पान कुरतडते आहे का ते पाहावे. गच्चीतल्या कढीपत्त्यावर फवारले तर फुलपाखराच्या अळ्याही मरतील, आणि तुतीजवळ फवारले तर रेशीमकिडे. फवारणाऱ्याने भुकटी नाकाडोळ्यांत जाऊ देऊ नये, हेही सांगायला हवे.

शिवाय सगळी क्राय प्रथिने एकसारखी नाहीत. अमेरिकेत क्राय9सी असलेला स्टारलिंक मका माणसांच्या खाण्यासाठी मंजूर नव्हता, कारण ते प्रथिन पेप्सिनला चटकन दाद देत नव्हते आणि त्याच्या अ‍ॅलर्जीची शंका होती. 2000 मध्ये तो माणसांच्या खाण्यात सापडला, तेव्हा बाजारातून माल परत मागवावा लागला. म्हणून प्रत्येक प्रथिनाची चाचणी स्वतंत्रपणे, आणि निष्कर्ष खुले ठेवून व्हावी, ही विरोधकांची मागणी योग्यच आहे. बियाण्याची मक्तेदारी, किंमत, अळीत वाढणारी प्रतिकारशक्ती यांवरही जरूर भांडावे. ते प्रश्न खरे आहेत आणि पोटाच्या खोट्या भीतीखाली ते दबून जातात.

गुजरातमध्ये फरसाण कपाशिया तेलात तळले जाते आणि ते तेल आता बहुतांशी बीटी कपाशीच्या सरकीचे असते. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरतच नाही, हेही आजवर किती बातम्यांनी सांगितले?

संपादकांना विनंती आहे की, यापुढे ‘विषारी बीटी’ असा मथळा देण्याआधी बातमीदाराला तीन गोष्टी विचाराव्यात: प्रथिन कोणते, ते फवारले आहे की पिकातच आहे, आणि त्याचा ग्राही कोणाच्या आतड्यात आहे. ही उत्तरे बातमीच्या पहिल्या परिच्छेदात छापावीत.

आपला,
एक वाचक, वडोदरा