डॉक्टरकाका, टायटल बदला!

आमच्या फॅमिली डॉक्टरकाकांनी व्हिडिओ केलाय. विषय एकदम साधा, घरच्या घरी बीपी कसं मोजायचं. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकवा, हात हृदयाच्या पातळीवर ठेवा, चहा प्यायला असाल तर अर्धा तास थांबा. कंटेंट झक्कास! माझ्याकडे काम आलं ते बाकीच्या मजकुराचं, म्हणजे टायटल आणि डिस्क्रिप्शन.

काकांचं टायटल होतं, ‘बीपीची गोळी खरंच हवी का?’ खाली डिस्क्रिप्शनमध्ये, अगदी शेवटी, ‘हा वैद्यकीय सल्ला नाही.’ म्हटलं, काका, घोळ इथेच आहे. यूट्यूबवर डिस्क्रिप्शन पाच हजार अक्षरांचं चालतं, पण दिसतात पहिल्या एक-दोन ओळी. बाकीचं क्लिक केल्यावर. आणि लिंक फॅमिली ग्रुपवर गेली की उरतं फक्त टायटल आणि फोटो. ते वाचून एखाद्या मावशीने गोळी सोडली, तर तळाची ती ओळ तिच्यापर्यंत पोचलेलीच नसते.

मग आम्ही उलटं केलं. टायटल झालं, ‘घरी बीपी कसं मोजावं?’ व्हिडिओत आहे तेवढंच, जास्त काही नाही. पहिल्याच ओळीत डिग्री, एमबीबीएस, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. नुसतं ‘तीस वर्षांचा अनुभव’ कुणीही लिहील हो, क्रमांक मात्र कौन्सिलच्या नोंदीत ताडून बघता येतो. (बीएएमएस डॉक्टरांची नोंदणी वेगळ्या कौन्सिलकडे असते, म्हणून कौन्सिलचं नावही लिहायचं.) काकांना ‘हृदयविकार मार्गदर्शक’ असंही हवं होतं. ते कटाप! बघणाऱ्याला वाटेल, हे हार्ट स्पेशालिस्ट.

आता ‘सल्ला नाही’चं काय? हे दोन शब्द सगळेच चिकटवतात, म्हणून कुणी वाचत नाही. आम्ही कारणासकट लिहिलं: ‘तुमचं वय, बाकीचे आजार, चालू गोळ्या मला इथून कळत नाहीत. त्यामुळे हे बघून गोळी सुरू, बंद किंवा कमी करू नका, आपल्या डॉक्टरांना विचारा. छातीत दुखत असेल तर व्हिडिओ राहू दे, १०८ ला फोन लावा.’ शिवाय रेकॉर्डिंगची तारीख टाकली, कारण अपलोडची तारीख वेगळी असू शकते.

तरी एक भोक राहतंच. कुणी क्लिप डाउनलोड करून पुढे ढकलली, की टायटल, डिस्क्रिप्शन सगळं गळून जातं. त्यावर उपाय कॅमेऱ्यासमोरच. काकांनी पहिली पंधरा सेकंदं पुन्हा शूट केली. नाव, डिग्री आणि ‘हे तुमच्या एकट्यासाठी सांगत नाहीये’ हे स्वतःच्या तोंडाने.

एवढं करूनही व्हिडिओत डोस सांगितला असता, तर कुठलीच ओळ उपयोगाची नव्हती. काकांनी तो सांगितला नाही, म्हणून बाकीचं जमलं. तेव्हा मंडळी, ग्रुपवर पुढचा हेल्थ व्हिडिओ आला की फॉरवर्ड करण्याआधी डिस्क्रिप्शन उघडा आणि क्रमांक शोधा. नसेल तर अंगठा आवरा!