हॉटेलच्या बिलात कर कशावर लावला, ते आधी पाहा

हॉटेलच्या बिलाची बेरीज सहसा चुकत नाही. ती यंत्र करते, आणि यंत्राला दिलेले आकडे ते बरोबरच मिळवते. तरीही ग्राहकाकडून जास्त पैसे जातात, कारण चूक बेरजेच्या आधी झालेली असते: ज्या रकमेवर कर लावायचा नाही, तीही करपात्र धरलेली असते. म्हणून जेवणानंतर वर्गणी काढण्यासाठी मोबाइलवर बिलाचा स्क्रीनशॉट फिरतो, तेव्हा शेवटचा आकडा पुन्हा मिळवून पाहण्यात फारसा अर्थ नाही. जीएसटी कोणत्या रकमेवर आणि कोणत्या दराने लावला, हे पाहायला हवे.

महाराष्ट्रातल्या एका परमिट रूमचे बिल उदाहरणादाखल घेऊ. त्यात जेवण 1760 रुपयांचे आणि बिअर 640 रुपयांची आहे. बिलाचा खालचा भाग असा दिसतो:

```
Sub Total             2400.00
Service Charge 10%     240.00
CGST 2.5%               66.00
SGST 2.5%               66.00
VAT 10%                 64.00
Grand Total           2836.00
```

बेरीज अचूक आहे. दरही ओळखीचे आहेत. साध्या हॉटेलच्या जेवणावर 15 नोव्हेंबर 2017 पासून 5 टक्के जीएसटी आहे; त्यातला निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. पाहणाऱ्याला इथे खटकण्यासारखे काही दिसत नाही, आणि नेमका इथेच तो फसतो.

अडीच टक्के म्हणजे चाळिसावा भाग. त्यामुळे सीजीएसटीच्या आकड्याला 40 ने गुणले, की हॉटेलने कर कोणत्या रकमेवर लावला ते उघड होते. 66 गुणिले 40 म्हणजे 2640. जेवण तर 1760 चेच आहे. मग वरचे 880 रुपये आले कुठून? त्यातले 640 बिअरचे आणि 240 सर्व्हिस चार्जचे. या दोन्ही रकमा जीएसटीच्या हिशेबात घुसवलेल्या आहेत.

पिण्याचे मद्य जीएसटीच्या कक्षेतच येत नाही. राज्यघटनेतल्या जीएसटीच्या व्याख्येनेच ते वगळले आहे, आणि त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. महाराष्ट्रातल्या साध्या परमिट रूममध्ये हा दर नोव्हेंबर 2023 पासून 10 टक्के आहे. वरच्या बिलात 640 वर 64 रुपये व्हॅट रास्तच घेतला आहे, पण त्याच बिअरवर 32 रुपये जीएसटीही घेतला आहे. एकाच ग्लासावर दोन कर घेण्याचा अधिकार कोणत्याही हॉटेलला नाही.

सर्व्हिस चार्जचे प्रकरण याहून गंभीर आहे, कारण तो मुळात करच नाही. सरकारच्या तिजोरीत त्यातला रुपयाही जात नाही, पण करांच्या ओळींना खेटून छापल्यामुळे तो करासारखा दिसतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढून तो आपोआप बिलात लावण्यास मनाई केली. बिलात मिळवून एकूण रकमेवर जीएसटी घेण्यासही त्यांत स्पष्ट मनाई आहे, आणि नाव बदलून तो वसूल करण्याची वाटही बंद केली आहे. हॉटेलचालकांच्या संघटना याविरुद्ध न्यायालयात गेल्या, तेव्हा 28 मार्च 2025 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ही तत्त्वे उचलून धरली. बक्षिशी द्यायची की नाही आणि किती, हे ग्राहकाने ठरवायचे असते. हॉटेलने परस्पर ठरवलेली दहा टक्क्यांची रक्कम ही वसुली आहे, आणि ती तशीच म्हणायला हवी.

आता हेच बिल नीट मांडले तर 1760 च्या जेवणावर 44 अधिक 44, म्हणजे एकूण 1848 रुपये होतात. बिअरचे 640 आणि व्हॅट 64, मिळून 704. दोन्हींची बेरीज 2552. छापलेले बिल त्यापेक्षा 284 रुपयांनी जास्त आहे: 240 सर्व्हिस चार्जचे आणि 44 जादा जीएसटीचे.

चाळीसच्या गुणाकाराला एक मर्यादा आहे. कर पैशांपर्यंत छापला असेल, तर उत्तर वीसेक पैशांच्या आत जुळते. पण काही बिलांवर कर पूर्ण रुपयांत छापतात. तिथे अर्ध्या रुपयाच्या फरकाचे चाळीसपट, म्हणजे वीस रुपयांपर्यंत अंतर पडू शकते. तेवढ्यावरून हॉटेलला दोष देऊ नये. तसेच ‘राउंड ऑफ’च्या ओळीत पन्नास पैशांपेक्षा मोठा आकडा असेल, तर त्याचे कारण विचारावे.

सवलत दिली असेल, तर ओळींचा क्रम पाहावा. हॉटेलने स्वतः दिलेली आणि बिलावर नोंदवलेली सवलत कर लावण्याआधी वजा व्हायला हवी. वरच्या जेवणावर 20 टक्के सवलत म्हणजे 352 रुपये. मग 1408 वर 70 रुपये 40 पैसे कर धरून जेवणाचे 1478.40 होतात. आधी पूर्ण रकमेवर कर लावून मग सवलत वजा केली, तर 1496 होतात, म्हणजे ग्राहक न दिलेल्या पैशांवरही कर भरतो. सवलतीचा भार मात्र ॲप किंवा बँक उचलत असेल, तर हॉटेलला पूर्ण रक्कम मिळते आणि कर पूर्ण रकमेवर लागणे योग्य ठरते.

प्रत्येक हॉटेलला पाच टक्केच लागतात असेही नाही. ज्या निवासी हॉटेलात मागच्या आर्थिक वर्षात एखाद्याही खोलीचे दिवसाचे भाडे 7500 रुपयांहून जास्त घेतले गेले, किंवा ज्याने तसा पर्याय घोषणापत्र देऊन स्वीकारला, तिथल्या रेस्टॉरंटचा दर 18 टक्के असतो. अशा बिलावर 9 आणि 9 टक्के दिसले तर ती लूट नव्हे. उलट कंपोझिशन योजनेतल्या लहान हॉटेलाला ग्राहकाकडून वेगळा कर घेण्यास कायद्याने मनाई आहे. त्याने कर स्वतःच्या उलाढालीतून भरायचा असतो, आणि कर वसूल करण्यास आपण पात्र नाही हे बिलावर छापायचे असते. तिथे अडीच टक्क्यांची एक ओळ जरी दिसली तरी ती बेकायदा आहे, मग तिचा हिशेब कितीही अचूक असो.

हॉटेल कोणत्या प्रकारातले आहे, हे खालच्या आकड्यांवरून कळत नाही. त्यासाठी बिलाचा माथा लागतो, आणि स्क्रीनशॉटमध्ये नेमका तोच कापलेला असतो. तिथे पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक असतो. महाराष्ट्रातला 27 ने, गोव्यातला 30 ने सुरू होतो. gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये तो टाकला, की नोंदणी चालू आहे का, आणि ती Regular आहे की Composition, हे दिसते. क्रमांकच छापलेला नसेल आणि तरी जीएसटी घेतला असेल, तर पैसे देण्याआधी तो मागावा.

म्हणून स्क्रीनशॉट घ्यायचाच, तर माथ्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत घ्यावा, आणि कागदी बिलही जपून ठेवावे. चूक सापडली तर टेबलावरच बिल दुरुस्त करून मागावे. हॉटेलने नकार दिला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तक्रारीत नुसते ‘बिल जास्त लावले’ असे न लिहिता जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख, ज्या रकमेवर कर लागायला हवा होता ती रक्कम आणि ज्यावर लावला ती रक्कम, एवढे लिहावे. वरच्या उदाहरणात ते दोन आकडे 1760 आणि 2640 आहेत.