शेवटचा पेपर आणि स्टेटसच्या तीन ओळी

एप्रिल-मे आला की आमच्या मोबाइलवर एकाच तऱ्हेचे फोटो येऊ लागतात. मागे कॉलेजचे गेट, हातात हॉल तिकीट, पांढऱ्या शर्टावर मित्रांच्या सह्या आणि खाली दोन-चार ओळी. शेवटचा पेपर सुटला! फोटोला कोणाची हरकत नसते. घोडे अडते ते त्या ओळींपाशी, कारण त्या वर्गातली मुले वाचतात तशा घरची माणसेही वाचतात. वर्गाला चेष्टा हवी असते, घराला खुशाली.

काही मुले यातून सोपी वाट काढतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसमध्ये My contacts except… अशी सोय आहे, तिथे अम्मी-अब्बूंच्या नावावर खूण केली की त्यांना काही दिसत नाही. आम्हाला ही वाट पटत नाही. एक तर चुलतभावाच्या मोबाइलवर ते स्टेटस घरात पोहोचतेच. दुसरे म्हणजे, तीन वर्षे फीचा हप्ता ज्यांनी भरला त्यांच्यापासूनच फी वसूल झाल्याचा दिवस लपवायचा?

आमच्या एका भाचीचे उदाहरण सांगतो. बी.कॉम.चे सहावे सत्र, शेवटचा पेपर. तिने आधी लिहिले होते, ‘सुटलो एकदाचे! तीन वर्षांची कैद संपली.’ वर्गात हे हशा पिकवून गेले असते. पण तिची अम्मी घरी शिलाई करते आणि त्या पैशातून एस.टी.चा पास निघत असे. ओळ वाचून तिने एवढेच विचारले, “कैद होती का गं?” पोरगी गप्प झाली आणि ओळ पुसली.

दुसरा मसुदा उलट्या टोकाचा. अल्हम्दुलिल्लाहपासून सुरुवात, मग अम्मी, अब्बू, दादी, सगळे सर, सगळ्या मॅडम आणि सतरा मैत्रिणींची नावे. अशा यादीत अठरावी मैत्रीण हमखास राहते आणि रुसते. शिवाय इन्स्टाग्रामवर मजकूर लांबला की पहिल्या एक-दोन ओळींनंतर घडी पडते. उरलेले वाचायला more वर बोट ठेवावे लागते, आणि तेवढी तसदी फार थोडे घेतात. म्हणजे आभारातली निम्मी माणसे घडीतच राहणार.

आम्ही तिला म्हटले, आभार आणि आनंद हे शब्द बाजूला ठेव. घरालाही ठाऊक आणि वर्गालाही ठाऊक अशी एखादी गोष्ट शोध. तिने बराच विचार केला. सकाळची सहा चाळीसची गाडी निघाली, कारण निम्मा वर्ग त्याच गाडीने यायचा आणि अम्मी त्याच गाडीसाठी फजरनंतर तवा ठेवायची. मग निघाला डबा, जो पहिल्या तासालाच बाकाखाली फस्त व्हायचा. अम्मीला हे माहीत नव्हते! शेवटी ओळी ठरल्या त्या अशा:

‘शेवटच्या पुरवणीला दोरा बांधला. आता सहा चाळीसची गाडी चुकली तरी चालेल. अम्मी, उद्या डबा नको. तुझा डबा तीन वर्षे चौघींनी खाल्ला.’

यात सुटका आहे, हुरहुर आहे, आणि दोन्हींपैकी एकही शब्द नाही. मैत्रिणींना डबा आठवला. अम्मीला चौघींचा हिशेब कळला आणि भाकऱ्या का पुरत नव्हत्या तेही कळले. कैदेच्या ओळीने जो सल लागला असता, त्याच्या जागी घरात रात्रभर चेष्टा चालली.

पोस्ट करण्याआधी दोन गोष्टी मात्र आम्ही तिला बदलायला लावल्या. फोटोत हॉल तिकीट सरळ दिसत होते, त्यावर आसन क्रमांक, पूर्ण नाव आणि जन्मतारीखही. पुष्कळ ठिकाणी आसन क्रमांक टाकला की निकाल उघडतो. उद्या निकाल तिच्याआधी सगळ्या मोहल्ल्याने पाहायचा का? तिकीट उलटे धरून फोटो पुन्हा काढला.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक. चौघींपैकी एकीला मागच्या सत्राची केटी आहे. तिचा एक पेपर अजून राहिला आहे, आणि तिच्या घरी ते अजून सांगितलेले नाही. भाचीने ‘आमचा शेवटचा पेपर’ लिहून चौघींना टॅग केले असते, तर त्या मुलीच्या अब्बूंनी मिठाई आणली असती आणि तिला त्याच संध्याकाळी खरे-खोटे करावे लागले असते. म्हणून ओळीत ‘आमचा’ नाही, फक्त पुरवणी आणि दोरा आहे. टॅग करण्याआधी तिला फोन केला. ती म्हणाली, फोटोत राहू दे, नाव नको लावू. पदवीधर हा शब्दही गाळला, कारण निकाल अजून लागायचा आहे.

स्टेटस चोवीस तासांनी आपोआप गेले. अम्मीने त्याआधीच शेजारच्या मुलाकडून त्याचा स्क्रीनशॉट काढून घेतला होता.